दोन सिस्टिममधले ग्राहक एकमेकांशी कसे जुळवावेत

बिलिंगमध्ये ग्राहकाचा क्रमांक PN-00457 आणि सर्व्हिसच्या नोंदींमध्ये नुसता 457. मालकांना हवा एकच रिपोर्ट: कोणाला किती माल विकला आणि त्याच्याकडून दुरुस्तीच्या किती तक्रारी आल्या. अशा वेळी पहिला विचार सुचतो तो अक्षरं आणि शून्यं काढून दोन्हीकडे 457 करण्याचा. तसं करू नका. पुण्याचा PN-00457 आणि नाशिकचा NS-00457 त्याच क्षणी एक होऊन बसतील.

उलट दिशेने जा. जिथे माहिती कमी आहे तिथला क्रमांक पूर्ण करा. मूळ फायलींच्या प्रती घ्या आणि एक्सेलमध्ये आणताना क्रमांकाचा कॉलम ‘टेक्स्ट’ म्हणूनच घ्या, नाहीतर सुरुवातीची शून्यं तिथेच गळतात. सर्व्हिसच्या ग्राहक यादीत B मध्ये क्रमांक आणि C मध्ये शाखेचं PN किंवा NS असेल, तर E मध्ये हे लिहा:

```
=C2&"-"&TEXT(SUBSTITUTE(TRIM(B2),CHAR(160),""),"00000")
```

CHAR(160) म्हणजे वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात येणारी न दिसणारी स्पेस. ती TRIM ने जात नाही. डोळ्यांना 457 अगदी स्वच्छ दिसतो आणि तरी जुळत नाही, तेव्हा बहुतेकदा हीच आडवी आलेली असते.

आता दोन्ही याद्यांत COUNTIF लावून एकच क्रमांक दोनदा आला आहे का ते बघा. आला असेल तर आधी तो निस्तरा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळं काम तिच्यातच आहे. क्रमांक जुळला म्हणजे ग्राहक तोच, असं धरून चालू नका. दुसरी एखादी ओळख विचारा. व्यापारी ग्राहकांसाठी जीएसटी क्रमांक उत्तम. तो 15 अक्षरांचा असतो; पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27, आणि पुढची दहा अक्षरं पॅनची. बिलिंगची यादी Bill नावाच्या शीटवर, तिथला ग्राहक क्रमांक A मध्ये आणि दोन्ही याद्यांत जीएसटी क्रमांक D मध्ये असेल, तर सर्व्हिसच्या यादीत F आणि G मध्ये:

```
=XLOOKUP(E2,Bill!A:A,Bill!D:D,"नाही")
=AND(LEN(D2)=15,F2=D2)
```

LEN ची अट काढू नका. बिलिंगमध्ये जीएसटी क्रमांक रिकामा असेल तर XLOOKUP शून्य आणतो, आणि एक्सेल शून्य व रिकामा सेल समान मानतो. म्हणजे ज्या दोघांकडे क्रमांकच नाही, ते बिनदिक्कत TRUE दाखवतात.

मी एका वितरकाकडे हे काम केलं तेव्हा 457 दोन्हीकडे व्यवस्थित सापडला. पण बिलिंगमध्ये ते हार्डवेअरचं दुकान होतं आणि सर्व्हिसमध्ये रुग्णालय. यादी क्रमांकाने लावल्यावर कारण उलगडलं. PN-00430 पर्यंत जवळपास सगळे TRUE, आणि तिथून पुढे सलग FALSE. सर्व्हिसवाल्यांनी मध्येच नवी प्रणाली घेतली होती आणि त्यानंतरच्या ग्राहकांना स्वतःचेच क्रमांक द्यायला सुरुवात केली होती. FALSE इकडेतिकडे विखुरलेले असतील तर टायपिंगच्या चुका शोधा. ओळीने असतील तर क्रमांक देण्याची पद्धत कधी बदलली ते विचारा.

अशा ग्राहकांसाठी क्रमांक सोडून द्या आणि थेट जीएसटी क्रमांकावरून शोधा. तो नसेल तर मोबाइलचे शेवटचे दहा अंक घ्या, कारण +91 आणि सुरुवातीचं शून्य कोणी लावतं, कोणी लावत नाही. नावावरून जुळवणी अगदी शेवटी आणि हातानेच करा. ‘मे. गणेश ट्रेडर्स’ आणि ‘गणेश ट्रेडिंग कं.’ एकच आहेत की नाहीत, हे पत्ता बघून माणसानेच ठरवायचं. पॅन एक पण राज्य वेगळं, असे ग्राहकही निघतील. कंपनी तीच, नोंदणी वेगळी. त्यांना एकत्र धरायचं का, हे मालकांना विचारून घ्या.

जे ठरेल ते वेगळ्या जोड-तक्त्यात लिहा: बिलिंगचा क्रमांक, सर्व्हिसचा क्रमांक, कशावरून जुळवलं, कोणी तपासलं. मूळ सिस्टिममधले क्रमांक बदलू नका.

रिपोर्ट बनवताना ग्राहकामागे एकच ओळ ठेवा आणि विक्री व तक्रारी SUMIFS, COUNTIFS ने स्वतंत्रपणे आणा. दोन याद्या सरळ चिकटवल्या, तर तीन तक्रारी करणाऱ्या ग्राहकाची 84,000 रुपयांची विक्री तीनदा येऊन 2,52,000 होते. म्हणून शेवटी विक्रीची एकूण बेरीज मूळ बिलिंगच्या बेरजेशी ताडून बघा. ती रुपयालाही कमीजास्त असता कामा नये. सर्व्हिसमध्ये न सापडलेले ग्राहकही रिपोर्टमध्ये राहू द्या, तक्रारींच्या रकान्यात ‘जुळला नाही’ असं लिहून. तिथे शून्य लिहिलं, तर मालक तक्रारच नाही असं समजतील.