हप्ता तोच, पण मुदत?

फ्लोटिंग गृहकर्जाचा दर वाढला की बँक अनेकदा हप्ता तसाच ठेवते आणि मुदत लांबवते. 30 लाखांचं कर्ज, 7 टक्के दर, 20 वर्षं, तर हप्ता साधारण 23,260 रुपये. सुरुवातीलाच दर 8.5 टक्के झाला आणि हप्ता बदलला नाही, तर कर्ज जवळजवळ 29 वर्षं चालतं! मुदत 20 वर्षंच हवी असेल, तर हप्ता सुमारे 26,035 करावा लागतो. जमत असेल तर बँकेला तसं लेखी कळवाच. दर उतरल्यावर फायदाही फ्लोटिंगवाल्यालाच मिळतो. फिक्स्डमध्ये हप्ता हलत नाही, मात्र काही ‘फिक्स्ड’ कर्जं ठरावीक वर्षांनी फ्लोटिंग होतात. करारातलं ते कलम सहीआधी शोधा.