गव्हाचे भाव ताडून पाहताना: क्विंटल, किलो, टन आणि हातात उरणारी रक्कम

मळणी उरकली की मार्च-एप्रिलात तीन बाजूंनी भाव कानावर येतात. बाजार समितीत भाव क्विंटलला बोलला जातो, खळ्यावर येणारा व्यापारी किलोला बोलतो आणि पिठाची मिल टनाला. शंभर किलोंचा एक क्विंटल आणि दहा क्विंटलचा, म्हणजे हजार किलोंचा, एक टन, एवढं सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो तो वजन आणि भाव दोन्ही एकाच वेळी बदलताना, कारण त्यांचे आकडे उलट दिशेने जातात. वजन क्विंटलवरून टनात नेताना दहाने भागायचं, तर भाव क्विंटलवरून टनाला नेताना दहाने गुणायचं. २०२६-२७ च्या विपणन हंगामासाठी गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,५८५ रुपये जाहीर झाला आहे. तोच किलोला २५.८५ रुपये आणि टनाला २५,८५० रुपये होतो.

रोजचे बाजारभाव बघतानाही एकक आधी वाचा. पणन मंडळाच्या तक्त्यात आवक क्विंटलमध्ये दिलेली असते, तर अ‍ॅगमार्कनेटवर भाव क्विंटलचा असला तरी आवक टनात दिसते. तिथला १२० हा आकडा म्हणजे १,२०० क्विंटल गहू. तो क्विंटल समजून ‘आज आवक कमी आहे, उद्या भाव चढेल’ असा अंदाज बांधला तर माल उगाच अडकून पडतो. तुलना सर्वसाधारण दराशी करा. जास्तीत जास्त दर त्या दिवशी एखाद्याच निवडक ढिगाला मिळालेला असू शकतो. शिवाय लोकवन, २१८९ आणि शरबती यांचे भाव एकमेकांशी लावू नका, आपल्या वाणाचीच ओळ बघा.

आता एक हिशोब सुरुवातीपासून करू. यातले भाव आणि खर्च उदाहरणापुरते आहेत, त्यांच्या जागी आपले आकडे घाला.

वजनकाट्याच्या पावतीवर भरलेली ट्रॉली ५,९४३ किलो आणि रिकामी २,०९० किलो आहे. म्हणजे माल ३,८५३ किलो. पण यात बारदानाही आला. तागाची ८० पोती, रिकामं पोतं साधारण ६०० ग्रॅमचं, म्हणजे ४८ किलो वजा. निव्वळ गहू ३,८०५ किलो. हा आकडा क्विंटलमध्ये ३८.०५ आणि टनात ३.८०५ असा लिहायचा. इथेच सगळ्यात महागडी चूक होते: ‘३८ क्विंटल ५ किलो’ घाईत ३८.५ असं लिहिलं जातं. ३८.५ म्हणजे ३८ क्विंटल ५० किलो. एका शून्याने ४५ किलोंचा फरक पडतो आणि २६ रुपये भावाने तो ११७० रुपयांचा आहे. त्यामुळे मी तर म्हणेन, वजन सरळ किलोतच लिहा, दशांश चिन्हाची भानगडच नको.

पहिला पर्याय बाजार समितीचा, भाव क्विंटलला २,६४० रुपये. ३८.०५ क्विंटलचे १,००,४५२ रुपये होतात. हमाली आणि तोलाई पोत्यामागे १४ रुपये धरली तर ८० पोत्यांचे १,१२० रुपये, आणि ट्रॉलीचं भाडं उक्तं १,८०० रुपये. हातात उरतात ९७,५३२ रुपये. भाव क्विंटलचा, हमाली पोत्याची आणि भाडं खेपेचं. म्हणूनच नुसता भाव बदलून तुलना होत नाही. सगळे खर्च रुपयांत काढायचे आणि उरलेल्या रकमेला किलोंनी भागायचं. इथे किलोला २५.६३ रुपये पडले.

दुसरा पर्याय मिलचा, टनाला २७,२०० रुपये, माल पोच द्यायचा. क्विंटलला २,७२० म्हणजे बाजार समितीपेक्षा ८० रुपये जास्त, त्यामुळे मन तिकडे ओढतं. ३.८०५ टनाचे १,०३,४९६ रुपये होतात. ट्रकभाडं टनाला १,१०० प्रमाणे ४,१८६ रुपये, भरण्याची हमाली १,१२० रुपये. मिलची अट १२ टक्के ओलाव्याची आहे आणि आपला गहू मॉइश्चर मीटरवर १३ टक्के भरला. वरच्या एका टक्क्याला एक टक्का कपात, म्हणजे १,०३५ रुपये. उरले ९७,१५५ रुपये, किलोला २५.५३. वरवर ८० रुपयांनी चढा दिसणारा भाव बाजार समितीच्या खाली गेला.

इथे कुणी म्हणेल, गहू वाळवून नेऊ. पण वाळवल्यावर वजनही घटतं. १३ टक्क्यांचा ३,८०५ किलो गहू १२ टक्क्यांवर आणला की ३,७६२ किलो राहतो, म्हणजे ४३ किलो पाणी उडून गेलं. मिलच्या भावाने ते सुमारे १,१७० रुपयांचं आहे. भाड्यातले पन्नासेक रुपये वाचले तरी १,०३५ रुपयांची कपात सोसलेली बरी. ओलावा १४ टक्क्यांच्या वर असेल तर गोष्ट वेगळी, कारण सरकारी खरेदीच्या निकषात असा माल बसतच नाही. साठवणुकीसाठीही गहू वाळवायलाच हवा, नाहीतर टोका आणि बुरशी धरतात.

तिसरा पर्याय खळ्यावरच्या व्यापाऱ्याचा, किलोला २५.७५ रुपये. हमाली, भाडं आणि बारदाना त्याचा. आकडा सगळ्यात लहान म्हणून बरेच जण तो ऐकूनच सोडून देतात. या व्यापाऱ्याची अट आहे क्विंटलमागे एक किलो कडत्याची. ३,८०५ किलोंतून ३८ किलो गेले आणि ३,७६७ किलोंचे ९७,००० रुपये झाले. आपल्या पूर्ण गव्हावर किलोला २५.४९ पडले.

तिन्ही रकमांत मिळून फरक पाचशे-साडेपाचशे रुपयांचा उरला, आणि बाजार समिती थोडी पुढे राहिली. आता व्यापाऱ्याशी घासाघीस कशावर करायची तेही या हिशोबातून दिसतं. भावात दहा पैसे वाढवून मागितले तर हातात ३७७ रुपये येतात. कडता सोडायला लावला तर पूर्ण ३,८०५ किलोंचे ९७,९७९ रुपये होतात आणि तोच पर्याय तिघांत वरचढ ठरतो. क्विंटलमागे एक किलो म्हणजे किलोमागे जवळपास २६ पैसे, पण वजनात लपल्यामुळे तो भाव वाटत नाही. म्हणून बोलणी करताना पहिला प्रश्न भावाचा नको. ‘किती किलोंचे पैसे देणार?’ असं विचारा.

सौदा ठरला की एकक आणि कपात दोन्ही चिठ्ठीवर लिहून घ्या: निव्वळ किलो, भाव कोणत्या एककाला, बारदाना किती वजा, ओलाव्याची कपात किती. भाव किलोला धरताना पैसे सोडू नका. २६.४० चे ‘सव्वीस’ करून हिशोब केला तर या ट्रॉलीवर १,५२२ रुपये जातात, आणि तिन्ही पर्यायांतला फरकसुद्धा एवढा नव्हता.