वॉरफरिन, मेटफॉर्मिन आणि लघवीची गोळी: आहाराची नोंद करताना या चुका टाळा

‘पालेभाजी बंद. केळी, शहाळं भरपूर.’

चौसष्ट वर्षांच्या एका मावशींच्या फाईलमध्ये आहाराचा सल्ला म्हणून एवढंच लिहिलेलं होतं. खाली सही होती, तारीख नव्हती. कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना असल्या ओळी मला वरचेवर दिसतात. या एका ओळीत दोन चुका आहेत आणि तिसरी न लिहिलेल्या भागात आहे. (मावशींची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

गोळीचं नाव न वाचता नोंद करणं

कोणत्या गोळ्या चालू आहेत विचारलं, तर मावशी म्हणाल्या, “एक रक्त पातळ करायची, दोन साखरेच्या आणि एक लघवीची.” बहुतेक नोंदी इथेच थांबतात. मी पिशवी उलटी करून स्ट्रिप बघते.

‘रक्त पातळ करायची’ म्हणून लोक अ‍ॅस्पिरिनही दाखवतात आणि अ‍ॅपिक्साबॅनही. पालेभाजीचा हिशोब ठेवावा लागतो तो वॉरफरिन आणि त्याच्याच जातकुळीतलं अ‍ॅसिनोकुमारॉल घेणाऱ्यांना. बाकीच्यांची मेथी उगाच तोडू नका. मावशींचं वॉरफरिनच होतं, हृदयाचे ठोके अनियमित म्हणून, रोज ३ मिलिग्रॅम.

लघवीच्या गोळीत खरी गफलत होती. नुसतं टोरसेमाइड, फ्युरोसेमाइड किंवा थायाझाइड असेल तर लघवीवाटे पोटॅशियम जातं, तेव्हा केळी-शहाळ्याच्या सल्ल्याला काही अर्थ असतो. मावशींच्या स्ट्रिपवर मात्र टोरसेमाइड १० आणि स्पायरोनोलॅक्टोन ५० अशी जोडगोळी होती. स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम धरून ठेवतं. अशा वेळी पारडं कुठे झुकलंय हे रिपोर्टच सांगतो: पोटॅशियम ५.३, म्हणजे वाढलेलं, क्रिएटिनिन १.३. मूत्रपिंड थोडं मंदावलेलं, वर रोज एक शहाळं. स्वयंपाकघरातल्या मिठाचं विचारलं तेव्हा सूनबाईंनी मोबाईलवर फोटो दाखवला. बीपीसाठी चांगलं म्हणून आणलेलं कमी सोडियमचं मीठ, म्हणजे त्यात पोटॅशियम क्लोराइड घातलेलं.

शहाळं आणि ते मीठ बंद केलं, डॉक्टरांना त्याच दिवशी फोन केला. त्यांनी गोळी तीच ठेवून आठवड्याने तपासणी सांगितली. पोटॅशियम ४.६ आलं.

पालेभाजी बंद करणं

ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि करणाऱ्याला ती सावधगिरी वाटते. रक्त गोठायला लागणारं ‘के’ जीवनसत्त्व पालेभाजीतून मिळतं, आणि वॉरफरिन शरीरात त्याचा पुनर्वापर अडवतं. डॉक्टर डोस ठरवतात तो, माणूस जे रोज खातोय त्याच्यावर आयएनआर बघून, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं हे दाखवणारा आकडा बघून. म्हणजे मावशींच्या ३ मिलिग्रॅममध्ये त्यांची मेथी आधीच मोजलेली होती. मेथी काढली की तोच डोस जास्त होतो.

तसंच झालं. ऑगस्टमध्ये आयएनआर २.४ होता, हवा तसा, २ ते ३ च्या मध्ये. मग पालेभाजी बंदचा सल्ला मिळाला. तीन आठवड्यांनी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं आणि आयएनआर ३.९. डॉक्टरांनी आठवड्याचा डोस २१ वरून १८ मिलिग्रॅमवर आणला, आकडा २.६ झाला. डिसेंबरात कपिलतीर्थ मार्केटात मेथी, चाकवत, हरभऱ्याचा पाला स्वस्त झाला. मावशींना राहवलं नाही. आयएनआर १.६, म्हणजे आता गुठळीची भीती. “गोळ्या चुकवल्या का?” असं त्यांना विचारलं गेलं. गोळी एकही चुकली नव्हती. पालेभाजी कधी बंद झाली आणि कधी सुरू झाली, याच्या तारखा कुणीच लिहिल्या नव्हत्या.

पालेभाजी किती, हे विचारायचीही एक रीत आहे. ‘आठवड्यातून किती वेळा खाता’ याला उत्तर ‘खातो की’ असं येतं. मी जुड्या आणि माणसं विचारते. मावशी म्हणाल्या, “दोन जुड्या लागतात की! पण पोरं शिवत न्हाईत, म्या आणि हे दोघंच.” घरात सहा माणसं बघून मी सहाने भागलं असतं, तर खऱ्या खाण्याचा तिसरा हिस्साच नोंदीत आला असता. भाजीचं नावही लिहा. १०० ग्रॅम कच्च्या पालकात ४८० मायक्रोग्रॅमच्या आसपास ‘के’ असतं, कोबीत त्याच्या सहावा हिस्सा. तेलाचंही विचारा: शेंगतेलात ‘के’ नगण्य, सोयाबीन तेलात बऱ्यापैकी. डबा बदलला तर तारीख टाका.

शेवटी ठरलं ते असं: आठवड्यात तीन दिवस, दर वेळी एक वाटी शिजलेली पालेभाजी, बारा महिने. मग त्यावर डॉक्टरांनी डोस बसवला. पुढचे दोन आयएनआर २.३ आणि २.५ आले.

पायाची जळजळ साखरेच्या खात्यात टाकणं

मेटफॉर्मिन रोज २ ग्रॅम, नऊ वर्षं. तळपाय जळतात, मुंग्या येतात. फाईलमध्ये ‘मधुमेहामुळे’ लिहून विषय संपवलेला. साखर तर बरी होती, तीन महिन्यांची सरासरी ७.१. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यावर लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी१२ कमी शोषलं जातं. कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा डोळ्यांपुढे येतो, पण मावशी माळकरी. बी१२ येणार ते चहातल्या दुधातून आणि वाटीभर ताकातून. तपासणीत १६८ पिकोग्रॅम निघालं. २०० च्या खाली म्हणजे कमी.

इथे मेटफॉर्मिन आणि वॉरफरिन एकमेकांत गुंततात. बी१२ चं इंजेक्शन सहसा स्नायूत देतात, आणि वॉरफरिन घेणाऱ्याला त्या जागी रक्त साकळू शकतं. म्हणून कळवताना ताजा आयएनआर सोबत लिहा. डॉक्टरांनी तोंडाने घ्यायची गोळी दिली. दुकानातून आपल्या मनाने मल्टिव्हिटॅमिन घेऊ नका असंही मावशींना सांगितलं, कारण काहींत ‘के’ असतं. नुसतं फॉलिक अ‍ॅसिडही नको. रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान मागे चालूच राहतं.

नोंद कशी दिसावी

जुन्या ओळीच्या जागी मी लिहिलं ते असं:

‘अन्न-औषध आंतरक्रिया. कारण: वॉरफरिन चालू असताना पालेभाजी ऑगस्टमध्ये बंद, डिसेंबरमध्ये पुन्हा सुरू. पुरावा: आयएनआर २.४, ३.९, (डोस २१ वरून १८) २.६, १.६. योजना: आठवड्यात ३ वाट्या, कायम. टोरसेमाइड-स्पायरोनोलॅक्टोन व पोटॅशियमयुक्त मीठ, शहाळं: पोटॅशियम ५.३, दोन्ही बंद, डॉक्टरांना फोनवर कळवलं. मेटफॉर्मिन ९ वर्षं, शाकाहारी, बी१२ १६८, उपचार डॉक्टरांकडे. डोसबद्दल रुग्णाला काहीही सांगितलेलं नाही.’

शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिते. आकडे बघून डोस सुचवायचा मोह होतो, पण ते काम डॉक्टरांचं.

त्याखाली एक ओळ नंतर वाढली. निघताना मावशी दारातून परत आल्या: “आणि नवरात्रात ओ? नऊ दिवस उपास असतोय माझा.” साबुदाणा, बटाटा, भगर, नऊ दिवस हिरवं पान नाही. मी लिहिलं: ‘घटस्थापनेआधी आठवडाभर डॉक्टरांशी बोलणं, उपवासात आयएनआर.’