एकच डिमांड दोनदा दिसतेय? या चुका टाळा

आयकर पोर्टलवर Pending Actions मध्ये Response to Outstanding Demand उघडलं, की काहींना एकाच असेसमेंट इयरच्या डिमांडच्या, म्हणजे थकीत कराच्या मागणीच्या, दोन ओळी दिसतात. बहुतेक ही जुनी प्रकरणं असतात. कार्यालयातल्या रजिस्टरमधली थकबाकी संगणकावर चढवताना एकच नोंद दोनदा गेलेली असते.

आधी ती खरंच डुप्लिकेट आहे का ते पाहा. समजा, २०१०-११ साठी कलम १४३(१) खाली २३,६४० रुपयांच्या दोन ओळी आहेत. वर्ष, कलम, रक्कम सगळं तेच. फक्त डिमांड रेफरन्स नंबर आणि चढवल्याची तारीख वेगळी. अशी नोंद डुप्लिकेट असण्याची शक्यता मोठी. पण एक ओळ १४३(१) ची आणि दुसरी दंडाची किंवा रिटर्नच्या सखोल छाननीनंतरच्या १४३(३) ची असेल, तर ती वेगळ्या आदेशाची डिमांड असू शकते. आदेशाची प्रत काढून वाचल्याशिवाय तिला डुप्लिकेट म्हणू नका.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे घाईत Demand is correct दाबणं. एकदा ते सबमिट केलं की नंतर त्या डिमांडला असहमती नोंदवता येत नाही. जादा ओळीला Disagree करा. कारणांच्या यादीत ‘डुप्लिकेट’ असं काही सापडणार नाही, म्हणून Others निवडून दुसऱ्या ओळीचा नंबर तिथे लिहा.

मात्र एवढ्यावर ओळ जात नाही. डिमांड तुमच्या आयकर अधिकाऱ्याने चढवलेली असेल तर ती काढणंही त्याच्याच हातात असतं. अशा वेळी सीपीसीकडे, म्हणजे आयकर विभागाच्या रिटर्न प्रक्रिया केंद्राकडे, दुरुस्तीसाठी रेक्टिफिकेशन टाकून महिने वाया जातात. आपला अधिकारी कोण, हे प्रोफाइलमधल्या Jurisdiction Details मध्ये दिसतं. पत्र त्याच्या नावे द्या आणि पोच घ्या.

पत्रात ‘डिमांड रद्द करावी’ एवढंच लिहू नका. त्यातून तुम्ही करच नाकारताय असा अर्थ निघतो आणि फाइल बाजूला पडते. असं लिहा: ‘२०१०-११ ची २३,६४० रुपयांची एकच डिमांड दोन क्रमांकांखाली दिसते. अमुक क्रमांक मूळ आदेशाचा आहे, तो कायम ठेवावा. तमुक क्रमांक त्याचीच दुबार नोंद आहे, ती वगळावी.’ सोबत आदेशाची प्रत आणि दोन्ही ओळी दिसतील असा स्क्रीनशॉट जोडा.

पैसे आधीच भरले असतील तर आणखी जपून. चलन कोणत्या ओळीला जमा झालंय ते पाहा आणि दुसरी ओळ काढायला सांगा. नेमकी भरलेली ओळ वगळली गेली, तर न भरलेली तशीच उभी राहते आणि कलम २२०(२) खाली तिच्यावर दरमहा एक टक्का व्याज चढत जातं.

दरम्यान रिफंड वळता करण्याबद्दल कलम २४५ ची सूचना आली तर तिथेही मुदतीत असहमती नोंदवा. पत्र दिलंय म्हणून गप्प बसलात, तर रिफंड त्या खोट्या डिमांडला लागू शकतो.