पर्यावरण मंजुरीच्या पत्रातल्या अटींची साइटसाठी यादी काढताना

पत्र हातात पडलं की आधी त्याची तारीख पाहा आणि लगेच सात दिवस मोजा. मंजुरी मिळाल्याची जाहिरात दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यायची असते, त्यातलं एक मराठी. मुदत पत्र निघाल्या दिवसापासून धावते, तुमच्या टेबलावर आल्यापासून नाही. एका साइटवर मी ती ई-मेल उघडल्या दिवसापासून मोजली आणि जाहिरात अकराव्या दिवशी छापून आली. पुढच्या प्रत्येक सहामाही अहवालात त्या अटीसमोर 'चार दिवस विलंब' असं स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. तेव्हापासून माझ्या यादीची पहिली ओळ हीच असते.

यादीला बसण्याआधी पाच कागद जवळ घ्या: मंजुरीचं पत्र, तज्ज्ञ समितीच्या बैठकीची मिनिट्स, अर्जासोबत दिलेला पर्यावरण व्यवस्थापन आराखडा म्हणजे आपला ईएमपी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची 'कन्सेंट टू एस्टॅब्लिश', आणि महापालिकेचा किंवा पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा म्हणजे पीएमआरडीएचा मंजूर नकाशा. नुसत्या पत्रावरून केलेली यादी अर्धीच होते, कारण पत्रातल्या बऱ्याच अटी 'नियमित तपासणी करावी' एवढं सांगून थांबतात. किती वेळा आणि किती ठिकाणी, हे ईएमपीतल्या तक्त्यात किंवा कन्सेंटमध्ये सापडतं. दोन्हीकडे वेगवेगळे आकडे असले तर जो कडक असेल तो घ्या.

आपल्याकडे राज्य प्राधिकरणाचं पत्र साधारण एकाच साच्यात येतं. सुरुवातीला प्रकल्पाचा लांबलचक तक्ता, मग समितीच्या आणि प्राधिकरणाच्या विशेष अटी, मग सर्वसाधारण अटी: बांधकामाच्या काळातल्या, वापर सुरू झाल्यानंतरच्या आणि सगळ्या काळाला लागू असलेल्या. प्रत्येक भागात क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतो. 'अट पाच' म्हटलं की साइटवर चार माणसं चार वेगळ्या अटी उघडतात. म्हणून आपला क्रमांक द्या, भागाचं अक्षर आणि आकडा असा. समोरच्या रकान्यात अटीचं इंग्रजी वाक्य जसंच्या तसं उतरवा. सोपं करून लिहिण्याचा मोह होतो, पण सोपं करताना 'आणि'चं 'किंवा' कधी होतं ते कळत नाही.

सगळ्यांची नजर क्रमांक घातलेल्या अटींवर जाते आणि वरचा तक्ता राहून जातो. तो 'माहिती' म्हणून वाचला जातो, पण मंजुरी मिळाली आहे ती त्याच आकड्यांना. समजा पुण्यात उंड्रीकडची एक साइट आहे: भूखंड 16,000 चौरस मीटर, एकूण बांधकाम 58,000, त्यात एफएसआयचं 36,000 आणि नॉन-एफएसआय 22,000. पुढे टीडीआर म्हणजे दुसऱ्या जागेवरचा बांधकाम हक्क लोड होतो, नकाशा सुधारून येतो, एक मजला वाढतो. महापालिकेची मंजुरी हातात असल्यामुळे साइटवर कुणाला काही चुकतंय असं वाटत नाही. पण 58,000 च्या पुढचं बांधकाम सुधारित पर्यावरण मंजुरीशिवाय उभं राहिलं तर ते उल्लंघन ठरतं, आणि ते दडत नाही, कारण दोन्ही कागदांवर आकडे छापलेले असतात. तेव्हा यादीत एक ओळ अशी घाला: प्रत्येक सुधारित नकाशा साइटवर जाण्याआधी आर्किटेक्टने एफएसआय, नॉन-एफएसआय आणि बेरीज असे तीन आकडे लिहून द्यायचे. झाडांचंही तसंच. दर 80 चौरस मीटरला एक झाड ही अट पत्रात असेल तर या भूखंडावर 200 झाडं होतात. तक्त्यात आपणच 215 लिहून दिली असतील तर जबाबदारी 215 ची. मोजायची ती जगलेली झाडं, लावलेली नव्हेत.

आता मुख्य काम, अट फोडण्याचं. प्रत्येक अटीत क्रियापदं किती आहेत ते पाहा आणि एका क्रियापदाला एक ओळ द्या. मजुरांच्या वस्तीची अट एका वाक्यात येते, पण तिच्यात स्वयंपाकाचं इंधन, फिरती शौचालयं, सांडपाण्याची सोय, पिण्याचं पाणी, दवाखाना आणि पाळणाघर अशा सहा गोष्टी असतात. एकाच ओळीत ठेवलं की शौचालयं पाहून टिक होते आणि पाळणाघर कुणाच्याच लक्षात राहत नाही.

सगळ्यात जास्त वेळ आवाज आणि हवेच्या अटीवर घालवा. तिचा मजकूर थोडक्यात असा असतो: सभोवतालचा आवाज दिवसा व रात्री निवासी मानकांत असावा, बांधकामामुळे हवा आणि आवाजात पडणाऱ्या वाढीव भारावर बारकाईने लक्ष ठेवावं, तो कमी करण्याचे उपाय करावेत. यातून मी चार ओळी काढते: दिवसाचं मोजमाप, रात्रीचं मोजमाप, वाढीव भार आणि उपाय.

निवासी भागासाठी मानक दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. हे त्या पूर्ण काळाच्या सरासरीचे आकडे आहेत, लॅबचा मुलगा दुपारी तीनला दहा मिनिटं मीटर धरून गेला तर त्याची यांच्याशी तुलना होत नाही. रात्रीची ओळ तर बहुतेक याद्यांत नसतेच, 'रात्री काम बंद' असं धरून चालतात. आता त्याच पत्रातली दुसरी अट वाचा: साहित्याची वाहनं गर्दीच्या वेळा टाळून चालवावीत. पुण्यात अवजड वाहनांना दिवसा ठरावीक वेळांत बंदी असते, त्यामुळे राफ्टच्या, म्हणजे पायाच्या सलग स्लॅबच्या, काँक्रीटचे मिक्सर रात्रीच रांगेने येतात. एक अट पाळताना दुसरी मोडते, आणि शेजारच्या सोसायटीची तक्रार नेमकी त्या रात्रीची असते.

उंड्रीच्याच उदाहरणात अर्जाच्या वेळी सोसायटीकडच्या कुंपणापाशी रात्रीची बेसलाइन 47 आली होती असं धरू. म्हणजे काम सुरू होण्याआधीच जागा मानकाच्या वर होती. राफ्टच्या रात्री त्याच जागी 58 आले. अहवालात नुसतं 58 लिहिलं तर वाचणाऱ्याला मानकापेक्षा 13 जास्त दिसतात. बेसलाइन शेजारी ठेवली तर आपल्यामुळे वाढलेले 11 वेगळे दिसतात. 'वाढीव भार' या शब्दांचा अर्थ तोच आहे. म्हणून यादीत बेसलाइनची जागा, तारीख आणि आकडा लिहून ठेवा आणि मोजमाप त्याच जागी घ्या. अर्थात 11 हेही कमी नाहीत, आणि बेसलाइन दाखवली म्हणून मानक मोडल्याचं मिटत नाही. उपायाच्या ओळीत मग हे येतं: राफ्ट एका दमात न ओतता तुकड्यांत घेता येईल का, हे स्ट्रक्चरल कन्सल्टंटला आधी विचारायचं, पंप सोसायटीच्या भिंतीपासून लांबच्या कोपऱ्यात लावायचा, ओतण्याच्या प्रत्येक रात्री मीटर लावायचा आणि आकडे ठेवायचे, वाईट आले तरी.

हवेत घोटाळा वेगळा होतो. हवेतल्या बारीक धुळीचं, म्हणजे पीएम 10 चं मानक 24 तासांसाठी 100 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. लॅबच्या अहवालात पुष्कळदा नमुना आठ तासांचा असतो आणि शेजारच्या रकान्यात मानक मात्र 24 तासांचं छापलेलं. आकडा हिरवा दिसतो, पण ही तुलनाच बसत नाही. अहवाल आला की आकड्याआधी नमुन्याचा काळ वाचा, मग तारीख, आणि ती तारीख साइटच्या हजेरीपटाशी ताडा. एकदा माझ्याकडे 64 असा छान आकडा आला होता. तारीख पाहिली तर होळीची सुट्टी, साइटवर वॉचमन सोडून कुणी नव्हतं. त्या दिवसापासून यादीत 'नमुन्याच्या दिवशी कोणतं काम चालू होतं' असा रकाना आहे, आणि तो साइट इंजिनिअर भरतो, लॅब नाही. जमलं तर वाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंना एकाच दिवशी नमुने घ्या. थंडीत सगळ्या शहराचीच हवा बिघडलेली असते, तेव्हा आपली धूळ किती हे दोन आकड्यांच्या फरकावरूनच दिसतं.

उपायांमध्ये धुळीच्या 2018 च्या अधिसूचनेतल्या गोष्टी वेगळ्या ओळींत घाला, कारण त्या टेपने मोजता येतात. पत्र्यांचं कुंपण इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, जास्तीत जास्त 10 मीटर. उंच टॉवरच्या साइटवर सहा मीटरचे पत्रे पाहून समाधान मानू नका. माती, वाळू आणि राडारोडा झाकलेला हवा, आणि धूळ रोखण्याचे उपाय लोकांना दिसतील अशा फलकावर हवेत.

पुढचा रकाना 'केव्हा'. इथे तारखा कमी आणि प्रसंग जास्त असतात: खोदकामाआधी, प्लिंथआधी, भोगवटा प्रमाणपत्राआधी, लोक राहायला आल्यावर. वरच्या थरातली माती बाजूला काढून बागेसाठी जपण्याची अट खोदकामाच्या पहिल्या आठवड्यात पाळली तर पाळली, नंतर ती परत आणता येत नाही. अशा, हातातून निसटणाऱ्या ओळींना मी लाल रंग देते. दहा-बाराच निघतात, पण पोकलेन येण्याआधी त्या मुकादमापर्यंत मराठीत पोचायला हव्यात.

मग 'पुरावा'. समोर 'पालन केले' किंवा 'नोंद घेतली' एवढंच लिहिलेलं तपासणी अधिकारी मानत नाहीत, आणि पुढे विस्तारासाठी प्रमाणित अनुपालन अहवाल लागतो तेव्हा हेच अंगाशी येतं. पुरावा म्हणजे टँकरची पावती, राडारोडा टाकल्याचं चलन, तारीख आणि जागा दिसणारा फोटो, लॅबचा मूळ अहवाल. ईएमपीचा खर्चही वर्षवार दाखवायचा असतो, म्हणून अकाउंट्सला पहिल्याच महिन्यात स्वतंत्र हेड उघडायला सांगा. मार्चमध्ये जुन्या बिलांतून 'पर्यावरणाचा खर्च' शोधत बसलेला अकाउंटंट मी पाहिला आहे. त्याने बागेच्या कारंज्याचं बिलही त्यात धरलं होतं. जबाबदारीच्या रकान्यात 'साइट टीम' लिहू नका, एका माणसाचं नाव लिहा आणि तो नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी बदला.

शेवटी सहामाही अहवाल. एप्रिल ते सप्टेंबरचा 1 डिसेंबरला आणि ऑक्टोबर ते मार्चचा 1 जूनला द्यायचा. उलटे दिवस मोजा: लॅबचे शेवटचे नमुने सहामाही संपायच्या आत घेतलेले हवेत, म्हणजे सप्टेंबरच्या नमुन्याची ऑर्डर ऑगस्टमध्येच गेलेली हवी. सप्टेंबरात पावसामुळे दोन फेऱ्या वाया जातात, गणपतीत मिरवणुकीच्या रस्त्याला लॅबची गाडी अडकते आणि ढोल-ताशांच्या दिवशी घेतलेला आवाजाचा नमुना काही कामाचा राहत नाही. ऑर्डरवर विसर्जनानंतरचीच तारीख टाका.