जुन्या पेपरातलं एकच गणित, तीनदा

कोल्हापुरातली नववी-दहावीची मुलं ऑलिंपियाडचे जुने पेपर भराभर सोडवत सुटतात. त्यापेक्षा एकच गणित घेऊन त्यातले आकडे बदलून पाहा.

फळ्यावर 1 ते 10 अंक आहेत. कुठलेही दोन पुसायचे आणि त्यांचा फरक लिहायचा. नऊ वेळा केल्यावर शेवटी 0 उरेल का? मुलं इथं वह्याच्या वह्या भरतात, कारण चाली असंख्य आहेत. चाली सोडा, काय बदलत नाही ते शोधा. a आणि b पुसून a−b लिहिलं की बेरीज 2b ने घटते, म्हणजे तिची सम-विषमता तीच राहते. सुरुवातीची बेरीज 55, विषम. म्हणून 0 अशक्य.

आता 1 ते 12 घ्या. बेरीज 78, सम. ‘म्हणून 0 येईल’ असं लिहिलं की गुण गेलेच. सम बेरीज एवढंच सांगते की अडथळा नाही. चाल दाखवावीच लागते: शेजारच्या जोड्यांतून सहा 1, त्यांतून तीन 0, शेवटी 0.

1 ते 11 मात्र स्वतः करा, जोड्या पुरणार नाहीत. उत्तर बघण्याआधी चाळीस मिनिटं तरी द्या. अडलात तर 1, 2, 3 पासून सुरू करा.