मुलांच्या शिस्तीवरून सुरू झालेलं भांडण संसारावर घसरतं तेव्हा: या चुका टाळा

नऊ वर्षांचा मुलगा रात्री उशिरा पांघरुणात मोबाइल बघताना सापडतो. बाबा मोबाइल हिसकावून घेतात आणि रागातच जाहीर करतात, "आता आठवडाभर बंद!" दुसऱ्या दिवशी मुलगा रडून रडून आईच्या मागे लागतो. आई वैतागून म्हणते, "घे, पण बाबा यायच्या आत ठेव." बाबा नेमके लवकर येतात.

"मी काही सांगितलं की तू ते मोडीत काढतेस."
"घरी असतोस कधी तू? त्याची रडारड मी एकटी निस्तरते."
"म्हणजे मी राबतो तेही चुकलंच."
"जाऊ दे, तुझ्याशी बोलण्यात अर्थच नाही."

चार वाक्यांत मोबाइल बाजूला पडला आणि मुलगाही. असं घरोघरी घडतं आणि त्यामागच्या चुकाही बहुतेक त्याच असतात.

शिक्षा एकानं ठरवायची, दुसऱ्यानं गुपचूप उठवायची

इथे दोघंही चुकले. आठवडाभराची शिक्षा बाबांनी एका क्षणात ठरवली, पण ती पाळून घ्यायचं काम आईच्या गळ्यात पडलं आणि तिला कुणी विचारलंही नाही. आईची चूक मात्र जास्त महागात पडते. मोबाइल परत दिला हे एक वेळ चालेल, पण "बाबा यायच्या आत" असं म्हणून तिनं मुलाला एका पालकाविरुद्धच्या गुपितात सामील करून घेतलं. पुढे तो शिताफीनं दोघांच्या मधली फट शोधायला शिकतो, आणि मनातून घाबरतोही, कारण दोघांपैकी कुणा एकाला फसवल्याशिवाय दुसऱ्याला खूश ठेवता येत नाही.

ज्यानं शिक्षा दिली त्यानंच ती कमी करावी. दुसऱ्याला पटत नसेल तर मुलासमोर एवढंच म्हणावं, "आम्ही दोघं बोलून उद्या सांगतो." मारहाण किंवा धमकावणं चालू असेल तर मात्र उद्याची वाट बघायची नाही, तिथल्या तिथे थांबवायचं.

दुसऱ्याची कसर भरून काढायची

ती फार लाड करते म्हणून हा कडक होतो, हा कडक म्हणून ती आणखी सैल सोडते. दोघांनाही वाटतं, आपण तोल सांभाळतोय. डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात पालकत्वाच्या शैलींचा अभ्यास केला. त्यात धाक दाखवणारे आणि मोकाट सोडणारे यांच्यापेक्षा माया आणि ठामपणा दोन्ही असणारे पालक उजवे ठरले. मात्र एकाची माया आणि दुसऱ्याचा ठामपणा अशी बेरीज करून ते साधत नाही. दोन्ही एकाच माणसात दिसावं लागतं.

याची एक खूण आहे. जोडीदार बाहेरगावी असताना तुम्ही मुलाशी कसे वागता ते बघा. कडक बाबा तेव्हा सैलावत असतील आणि मऊ आई नियम पाळून घेत असेल, तर रोजचं वागणं मुलासाठी नसून एकमेकांना उत्तर म्हणून चाललं आहे.

भांडणाचा विषय बदलला हे न ओळखणं

"नेहमी", "कधीच" हे शब्द आले, जुनी प्रकरणं निघाली, सासर-माहेर मधे आलं, की विषय बदललेला असतो. स्वतःला विचारा: उद्यापासून मुलगा अगदी शहाण्यासारखा वागला, तर माझी तक्रार संपेल का? इथे बाबांचं दुखणं आहे, "या घरात माझ्या शब्दाला किंमत नाही." आईचं आहे, "मी एकटी पडले आहे." मोबाइलचा कुठलाही नियम यांतलं काहीच मिटवणार नाही.

आवाज चढला, छाती धडधडू लागली की थांबा. नातेसंबंधांचे अभ्यासक जॉन गॉटमन सांगतात की नाडी मिनिटाला १००च्या वर गेली की समोरच्याचं म्हणणं डोक्यात शिरतच नाही, आणि शांत व्हायला किमान २० मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात मनातल्या मनात पुढचं उत्तर घोळवू नका. जाताना "साडेनऊला परत बोलू" असं वेळ सांगून जा, नाहीतर समोरच्याला तो तुटकपणाच वाटतो.

मग दोन बोलणी वेगवेगळ्या दिवशी करा. पहिलं फक्त मोबाइलचं: रात्री नऊनंतर तो बाहेरच्या खोलीत राहील, मोडलं तर पुढचा एक दिवस बंद, जो घरी असेल तो अंमल करेल. आठवड्याची शिक्षा पाळून घेताना मोठेच थकतात, एक दिवस निभतो. हे दोघांनी मिळून मुलाला सांगायचं. त्यानं भांडण ऐकलं असेल, तर ते मिटलेलंही त्याला दिसायला हवं.

दुसरं बोलणं मुलगा झोपल्यावर, आणि त्यात मोबाइलचा म सुद्धा काढायचा नाही. या जोडप्यापुरता तोडगा असा निघू शकतो: आठवड्यातल्या दोन संध्याकाळी गृहपाठापासून झोपवण्यापर्यंत सगळं बाबांकडे. आईनं त्या वेळी आतल्या खोलीतून सूचना द्यायच्या नाहीत, बाबांची पद्धत वेगळी असली तरी.

एक मर्यादा लक्षात ठेवा. घरात कुणाला कुणाची भीती वाटत असेल, हात उचलला जात असेल, तर तो शैलीतला फरक नाही. तिथे असा मधला मार्ग काढत बसू नका, आधी सुरक्षिततेसाठी बाहेरची मदत घ्या.